सकाळचा ९८.९

सकाळी सव्वासहा. गॅसवर चहा, ओट्यावर अर्धा भरलेला डबा, आणि मुलीच्या काखेत थर्मामीटर. बीप होतो, आकडा दिसतो ९८.९. काल रात्री याच अंगावर हात ठेववत नव्हता. आता कपाळ गार आहे, मुलगी उठून बसली आहे, दूध मागते आहे. सातला व्हॅनवाले काका खाली येणार. पुण्यात सकाळच्या सत्राची शाळा असलेल्या घरांत ऑगस्ट ते नोव्हेंबर हा प्रसंग नेहमीचा, आणि निर्णय नेमका याच आकड्यावर चुकतो.

तापाच्या नोंदवहीतला हा सर्वांत फसवा आकडा आहे. वर्गशिक्षिकेला पाठवायच्या चिठ्ठीत तो का फसवा आहे हे सांगता आलं, तर निम्मी चिठ्ठी झाली म्हणायची.

सकाळी ताप कमी दिसण्याची दोन कारणं आहेत आणि ती एकाच वेळी काम करतात. पहिलं शरीराचं स्वतःचं चक्र. निरोगी माणसाचंही तापमान पहाटे सर्वांत खाली असतं आणि दुपारी चार ते संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत वर जातं. ताप आला तरी हे चक्र बहुधा चालूच राहतं, फक्त सगळी रेघ वर सरकते. म्हणून संध्याकाळी १०२ असलेल्या मुलाचा आकडा पहाटे त्याहून खाली सापडतो. दुसरं कारण औषधाचं. पॅरासिटामॉल दिल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ताप उतरायला लागतो, दोन-तीन तासांनी सर्वांत खाली असतो, आणि चार ते सहा तासांत औषधाचा असर संपतो. रात्री दीडला औषध दिलं असेल तर सव्वासहाला पावणेपाच तास झालेले असतात, म्हणजे असर सरत आला तरी थोडा शिल्लक असतो. पहाटेचा उतार आणि औषधाची शेपूट मिळून तो ९८.९ तयार होतो. त्यावरून ताप गेला की नाही हे कळतच नाही.

अशा मुलाला ‘खबरदारी म्हणून’ साडेसहाला आणखी एक डोस पाजून शाळेत पाठवलं, तर पुढे काय होणार याचं गणित सोपं आहे. साडेसहाचा डोस साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान संपतो. पहिले दोन-तीन तास मूल व्यवस्थित असतं, मधल्या सुट्टीत डबा उघडतं पण पोळीचा एकच तुकडा मोडतं. सुट्टीनंतरच्या तासाला वही उघडी, पेन हातात आणि डोकं बाकावर. हात गार, गाल लाल, पंखा नको म्हणतं, कारण ताप चढताना थंडी वाजते. बाईंनी मानेला हात लावला की त्यांना कळतं. मग ऑफिसातून फोन, आणि पालक येईपर्यंत तास-दीड तास ते मूल ऑफिसबाहेरच्या बाकावर. तोवर शेजारचा, पुढचा, व्हॅनमधला, असे सगळे त्याच्या खोकल्याच्या टप्प्यात येऊन गेलेले असतात. फ्लूसारख्या तापात पहिले तीन-चार दिवस संसर्ग सर्वांत जास्त पसरतो. औषधाने ताप झाकला म्हणून विषाणू झाकला जात नाही.

म्हणून नोंदवहीत औषधाचा रकाना तापाच्या रकान्याइतकाच महत्त्वाचा असतो. ‘सकाळी ९८.९’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही. ‘मंगळवार सकाळी ६.१५, काखेत ९८.९, शेवटचं औषध रात्री १.३५’ असं लिहिलं की तीच ओळ बोलायला लागते.

आता नोंद कशी ठेवायची ते. एकच थर्मामीटर, एकच जागा. घरात काखेतला डिजिटल थर्मामीटर सर्वांत सोयीचा. काख आधी कोरडी पुसायची, कारण घाम असला की आकडा खाली येतो. टोक काखेच्या अगदी खोलात, बनियनचं कापड मध्ये न येता टेकवायचं, दंड अंगाशी घट्ट दाबून धरायचा आणि बीप होईपर्यंत सोडायचा नाही. मूल चुळबुळ करतं, दंड सैल होतो, हवा शिरते आणि तिथेच अर्धा-एक डिग्रीची चूक होते. आंघोळ किंवा पट्ट्या झाल्यावर, दुलईतून बाहेर काढल्यावर, उन्हातून आल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. कपाळासमोर धरायच्या बंदुकीचा आकडा घाम, वारा आणि धरण्याचं अंतर यांवर हलतो. शाळेच्या दारात ती वापरायला ठीक आहे, पण घरच्या नोंदीत मध्येच तिचा आकडा घुसवला की चढउताराची रेघ मोडते.

काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमी येतो. तोंडात किंवा गुदद्वारात १००.४ म्हणजे ३८ सेल्सिअस ही ताप मोजण्याची रूढ सीमा. काखेत साधारण ९९.५ पासून वर ताप धरायचा. काही जण काखेच्या आकड्यात एक मिळवून लिहितात. ते करू नये. दिसला तो आकडा लिहावा आणि वहीच्या माथ्यावर ‘काखेत, फॅरनहाइट’ असं एकदाच लिहून ठेवावं. नाहीतर आईने मिळवलेला एक, आजीने न मिळवलेला एक, आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा मिळवलेला एक, असा घोळ होतो.

दर तासाला मोजायची गरज नाही. सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि प्रत्येक डोसच्या आधी. डोसनंतर मोजायचंच असेल तर दोन तासांनी. झोपलेल्या मुलाला नुसत्या आकड्यासाठी किंवा औषधासाठी उठवू नये, ते अंगाने गरम पण शांत झोपलं असेल तर झोपू द्यावं. पट्ट्या ठेवायच्याच तर साध्या कोमट पाण्याच्या. बर्फाच्या पाण्याने कातडी गार पडते, मूल कुडकुडतं आणि आतला ताप तसाच राहतो.

मध्यरात्रीच्या नोंदीत एक बारीक चूक फार होते. सोमवारी रात्री झोपल्यावर दीडला ताप आला तर घरातलं माणूस ‘सोमवार रात्र १.३०’ लिहितं. बोलताना ते बरोबर आहे, पण तारीख बदललेली असते. दोन दिवसांनी ‘शेवटच्या डोसला किती तास झाले’ हे मोजताना अख्खा दिवस इकडेतिकडे होतो. तिथे ‘मंगळवार पहाट १.३०’ लिहिलेलं बरं.

औषधाच्या रकान्यात ‘सिरप १ चमचा’ हे चालत नाही. बाजारात लहान मुलांचं पॅरासिटामॉल दोन ताकदींत मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम आणि ५ मिलीत २५० मिलिग्रॅम. बाटल्या सारख्याच, रंगही बरेचदा सारखाच, आणि आकडा लेबलवर बारीक. डोस वजनावर ठरतो, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलीला १५ च्या हिशेबाने ३०० मिलिग्रॅम लागतं. २५० च्या बाटलीतून ते ६ मिली होतं, १२० च्या बाटलीतून साडेबारा मिली. आता घरातली बाटली संपली, गल्लीतल्या मेडिकलमधून दुसऱ्या ताकदीची आली आणि ६ मिलीची सवय कायम राहिली, तर मुलीला १४४ मिलिग्रॅमच मिळतं, निम्म्याहूनही कमी. ताप उतरत नाही आणि घर म्हणतं, औषध लागू पडत नाही. उलट झालं तर प्रकरण गंभीर: १२० वाल्या बाटलीची साडेबारा मिलीची सवय २५० वाल्या बाटलीला लावली, तर दुपटीहून जास्त औषध पोटात जातं आणि ते यकृतावर येतं. म्हणून वहीत ‘पॅरासिटामॉल २५०, ६ मिली, टोपणाने मोजून’ असं लिहावं. सर्दीच्या मिश्र सिरपमध्येही पुष्कळदा पॅरासिटामॉल असतं, तेव्हा ते दिलं असेल तर तेही लिहावं. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. हा सर्वसाधारण हिशेब झाला, आपल्या मुलाचा मिलीचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घेतलेला असावा.

आणि लेबलवर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड आहे का हे पुण्यात पावसाळ्यात न चुकता बघायला हवं. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच. डेंग्यूची शंका असताना ही औषधं रक्तस्रावाचा धोका वाढवतात. तापाला फक्त साधं पॅरासिटामॉल.

आता एक नोंद घेऊन चिठ्ठी लिहून बघू. मुलगी दुसरीत, सात वर्षांची, वजन २० किलो, महिना सप्टेंबर. ताप सोमवारी संध्याकाळी सुरू झाला. बुधवारी डॉक्टरांनी रक्त तपासलं: डेंग्यूची एनएस१ चाचणी निगेटिव्ह, प्लेटलेट ठीक. गुरुवारी ताप उतरला. चिठ्ठी गुरुवारी रात्री लिहायची आहे, आणि तिच्यात अवघड गोष्ट सांगायची आहे: ताप उतरला तरी मुलगी शुक्रवारी येणार नाही.

मा. वर्गशिक्षिका बाई, इयत्ता दुसरी ब, यांस,
सा. न. वि. वि.
माझी मुलगी सोमवारी संध्याकाळपासून तापाने आजारी आहे. ताप काखेत, फॅरनहाइटमध्ये मोजला आहे. औषध म्हणजे पॅरासिटामॉल २५०, ६ मिली.

सोम. सायं. ६.०० – १०१.८, औषध ६.१०
मंगळ. पहाट १.३० – १०२.२, औषध १.३५
मंगळ. सकाळ ६.१५ – ९८.९
मंगळ. सकाळ ११.३० – १०१.४, औषध ११.४०
मंगळ. सायं. ६.३० – १०२.४, औषध ६.४०
बुध. पहाट १.०० – १०१.२, झोपेत, औषध नाही
बुध. सकाळ ६.३० – ९९.२
बुध. दुपार १.०० – १००.२, औषध नाही
बुध. सायं. ५.३० – १००.८, अंग दुखत होतं, औषध ५.४० (शेवटचं)
गुरु. सकाळ ६.३० – ९८.२
गुरु. दुपार १२.३० – ९८.४
गुरु. सायं. ६.०० – ९८.८

बुधवारी संध्याकाळनंतर औषध दिलेलं नाही. डेंग्यूची पहिली तपासणी निगेटिव्ह आहे, पण ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस तिच्यावर घरी लक्ष ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं आहे. शुक्रवारी सकाळी रक्त पुन्हा तपासणार आहोत. त्यामुळे ती शुक्रवारी येणार नाही. सगळं ठीक असल्यास सोमवारी पाठवू.
सोमवारी तिला पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी आणि पी.टी.च्या तासाला बसू द्यावं ही विनंती. अंग गरम लागलं, पोटात दुखतं म्हणाली किंवा उलटी झाली तर कृपया लगेच फोन करावा. शाळेत औषध देऊ नये.
बुडलेला अभ्यास सोमवारनंतर पूर्ण करून घेऊ. कळावे.

एवढंच. हजेरी घेता घेता बाई ती वाचणार आहेत, समोर चाळीस-पन्नास मुलं आहेत. नोंद लांब दिसते, पण ती नजरेने वरून खाली जाते. बाईंना लागणारी माहिती नोंदीखालच्या वाक्यांत आहे: शेवटचं औषध कधी, कधी येणार, आल्यावर काय बघायचं, काय करायचं नाही. आजाराचं नाव ठरलेलं नसेल तर अंदाजाने लिहू नये. ‘बहुतेक डेंग्यू’ एवढे दोन शब्द चिठ्ठीत गेले तर संध्याकाळपर्यंत सगळ्या पालकांच्या ग्रुपवर फिरतात.

नोंद वाचायची कशी? एकेका आकड्याकडे न बघता शिखरांकडे बघायचं. १०१.८, १०२.२, १०१.४, १०२.४, मग १०१.२, १००.८. बुधवारपासून शिखरं खाली येतात, आणि डोसांमधलं अंतरही वाढतं: मंगळवारपर्यंत सात ते दहा तास, आणि शेवटचे दोन डोस तेवीस तासांच्या अंतराने. आकड्याआधीच हे अंतर सांगतं की ताप सैल पडतोय. मंगळवार सकाळचा ९८.९ आणि गुरुवार सकाळचा ९८.२ हे कागदावर शेजारी-शेजारीच वाटतात, पण पहिल्याच्या मागे पावणेपाच तासांपूर्वीचा डोस आहे आणि दुसऱ्याच्या मागे जवळजवळ तेरा तास काहीच नाही. शिवाय गुरुवारची संध्याकाळही, म्हणजे चक्राचा चढता भागही, कोरडी गेली. सकाळ आणि संध्याकाळ दोन्ही औषधाविना पार पडल्याशिवाय ताप गेला असं म्हणता येत नाही. ‘औषधाशिवाय चोवीस तास ताप नाही’ हा शाळेचा नियम म्हणूनच चोवीस तासांचा आहे. शेवटच्या डोसचा असर बुधवारी मध्यरात्रीच्या सुमारास संपला असं धरलं, तरी घड्याळ गुरुवारी सकाळच्या ९८.२ पासून लावणं सुरक्षित, आणि ते शुक्रवारी सकाळी साडेसहाला पूर्ण होतं.

मग साध्या विषाणूजन्य तापाच्या हिशेबाने मुलगी शुक्रवारी शाळेत जायला हरकत नव्हती. हाच ताप जानेवारीत आला असता आणि मूल खात-पीत-खेळत असतं, तर मीही पाठवा म्हटलं असतं. सप्टेंबरमध्ये नाही.

डेंग्यूचा स्वभावच उलटा आहे. बाकीच्या तापात उतार म्हणजे सुटका. डेंग्यूत मात्र तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि त्याच सुमाराचे चोवीस ते अठ्ठेचाळीस तास धोक्याचे असतात, कारण तेव्हा रक्तवाहिन्यांतून पातळ द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त घट्ट होतं आणि प्लेटलेट खाली येतात. थर्मामीटर ९८ दाखवत असतो. तेव्हा थर्मामीटर बाजूला ठेवून दुसऱ्याच गोष्टी लिहायच्या असतात. लघवी किती वेळा झाली, सहा तास झालीच नाही असं नाही ना. पोटात सतत दुखतं का. उलट्या थांबत नाहीत का. हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त. हातपाय गार आणि मूल एकदम गळून गेलेलं, किंवा उगाच चिडचिडं. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं. सात वर्षांची मुलगी वर्गात ‘मला सकाळपासून शू झाली नाही’ असं बाईंना सांगत नाही, आणि पन्नास मुलांत बाईंनी ते हेरावं ही अपेक्षाही चूक. ही नजर घरीच ठेवता येते. शुक्रवारची सुट्टी त्यासाठी आहे.

इथे दिवसांची मोजणी अचूक हवी. ताप सुरू झाला तो पहिला दिवस, शाळा बुडाली तो नव्हे. आपल्या नोंदीत सोमवार पहिला, गुरुवार चौथा. रविवारी रात्री नुसती कणकण होती आणि मोजलं नव्हतं, तर तेही वहीत लिहावं, कारण मग गुरुवार पाचवा ठरतो आणि तपासणीचा अर्थ बदलतो. एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांत सापडते. आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी साधारण पाचव्या दिवसानंतर पॉझिटिव्ह येऊ लागते. आयजीएमसाठी देशभरातल्या सरकारी प्रयोगशाळांत जाणारे किट आपल्या पुण्यातल्याच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तयार होतात. बुधवारची निगेटिव्ह एनएस१ दिलासा देते, पण डेंग्यू नाहीच असं त्यावरून ठरत नाही. म्हणून शुक्रवारी पुन्हा रक्त, आणि त्यात प्लेटलेटइतकाच हिमॅटोक्रिटचा, म्हणजे रक्त किती घट्ट झालं त्याचा आकडा बघायचा.

बाईंना अजून एक शंका येऊ शकते, की डेंग्यू तर शिंकेतून पसरत नाही, मग बाकी मुलांना काय धोका? माणसाकडून माणसाला तो लागत नाही हे खरं. पण त्याचा डास दिवसा चावतो, आणि ताप असतानाच्या दिवसांत रुग्णाच्या रक्तात विषाणू असतो. वर्गामागे साचलेल्या पाण्याचं एखादं पिंप असेल, तर तापातलं मूल तिथल्या डासांना विषाणू पुरवतं. तेव्हा घरीही दिवसा बाह्या लांब आणि झोपेला मच्छरदाणी.

चाचणी परीक्षा, सहामाही आणि शंभर टक्के हजेरीचं बक्षीस, यांचा दबाव या दिवसांत असतोच. त्या बक्षिसाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पहिली-दुसरीच्या वर्गात ते नसावं. मूल स्वतःच ‘मला ताप नाही’ म्हणायला लागतं आणि नोंदीतल्या ‘कसं वाटतं’ या रकान्याची किंमत जाते.

शुक्रवारची तपासणी ठीक आली, मुलगी दोन वाटी मऊ भात खाऊन अंगणात फिरली, तर सोमवारी सकाळी पाठवायची. त्या दिवशीही सव्वासहाला एकदा मोजायचं आणि औषधाशिवायचा आकडा डायरीत लिहून द्यायचा: ‘सकाळी ९८.०, औषध बुधवारनंतर नाही.’ दुपारी डबा उघडल्यावर किती रिकामा झाला ते बघायचं. संध्याकाळी सहाला शेवटची नोंद करायची, वर तारीख घालायची आणि पान फाइलला लावायचं. पुढच्या वेळी डॉक्टर विचारतील, गेला ताप किती दिवस होता.